बँकेत ८६ लाख, मग पैसे मार्चमध्येच कसे संपतात?

छोट्या कंपन्यांचा रोखीचा हिशेब मांडायला बसलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : बँकेत किती आहेत आणि महिन्याला किती जातात? एकाला दुसऱ्याने भागलं की रनवे, म्हणजे पैसे किती महिने पुरतील, ते निघतं. सूत्र बरोबर आहे. पण त्यात घातलेली शिल्लक सगळी खर्चायची नसते, आणि महिन्याचा खर्च दर महिन्याला तेवढाच राहत नाही. या दोन गोष्टींमुळे उत्तर पाच-सहा महिन्यांनी सहज हलतं. आम्ही हा हिशेब ज्या क्रमाने करतो तो एका नमुना कंपनीवर इथे पूर्ण मांडतो. आकडे डोळ्यांसमोर राहावेत म्हणून गोल केले आहेत आणि सगळे लाखांत आहेत.

कंपनी पुण्यातली, प्रायव्हेट लिमिटेड, दोन संस्थापक धरून नऊ माणसं. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांना यंत्रांच्या देखभालीच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर महिन्याच्या वर्गणीवर देते. ३० जून २०२५ रोजी चालू खात्यात ६१.४ लाख आणि मुदत ठेवीत २५ लाख, मिळून ८६.४. महिन्याचा खर्च १०.५, महिन्याची बिलं ५ लाखांची. म्हणजे दर महिन्याला पदरचे ५.५ जातात आणि ८६.४ भागिले ५.५ केले की १५.७ महिने येतात. संस्थापकांच्या डोक्यात हाच आकडा असतो : पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत चिंता नाही.

इथे दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात. महिन्याला एकूण बाहेर जाणारा पैसा, म्हणजे १०.५, हा ग्रॉस बर्न. त्यातून त्याच महिन्यात आत आलेला पैसा वजा केला की नेट बर्न. रनवे नेट बर्नवर काढतात, पण ग्रॉस बर्नही कागदावर हवाच, कारण वसुली अडकली की कंपनी त्याच वेगाने रिकामी होऊ लागते.

आता शिल्लक. बँकेच्या अ‍ॅपवर दिसणाऱ्या ८६.४ पैकी कोणते पैसे आपले नाहीत, हे आधी काढायचं. मुदत ठेवीतले ५ लाख कंपनीच्या क्रेडिट कार्डापोटी बँकेने तारण धरले आहेत. कार्ड बंद केल्याशिवाय ते सुटत नाहीत, म्हणून ते गेले. पगार पाच तारखेला होतो, तेव्हा ३० जूनच्या शिल्लकेत जूनचा न दिलेला पगार पडून आहे. हातात पडणारी रक्कम ६.३ लाख. पगारातून आणि सल्लागारांच्या बिलांतून कापलेला टीडीएस व प्रोफेशनल टॅक्स मिळून ०.८. टीडीएस सात तारखेला सरकारकडे भरायचा असतो. ग्राहकांकडून घेतलेला जीएसटी, आपल्या खरेदीवरचं क्रेडिट वजा करून, ०.८, तो २० तारखेला. पुरवठादारांची आलेली पण न भागवलेली बिलं १.१. बेरीज १४ लाख. खर्चायला मोकळी रक्कम ७२.४ लाख.

या यादीत दोन गोष्टी नेहमी सुटतात. पहिली, संस्थापकांनी स्वतःच्या कार्डावर केलेले खर्च. विमानाची तिकिटं, एखादं वार्षिक सॉफ्टवेअर, कार्यालयाचं फर्निचर. त्यांची बिलं मेलमध्ये पडून असतात, टॅलीत नसतात, आणि कधीतरी एकदम मागितली जातात. म्हणून दोघांनाही शिल्लक काढायच्या दिवशीच लेखी विचारून घ्यायचं. आमच्या नमुन्यात ती १.१ मध्ये धरली आहेत. दुसरी, पीएफ लागू असेल तर त्याचं चलन. ते १५ तारखेला जातं आणि त्यात मालकाचा हिस्साही असतो, त्यामुळे पगारपत्रकावर दिसणाऱ्या कपातीपेक्षा ती रक्कम मोठी असते. नऊ माणसांच्या या कंपनीला पीएफ लागू नाही. माणसं वीस झाली की तो लागू होतो आणि खर्चाची एक नवी ओळ उघडते.

ही १४ लाखांची देणी सुरुवातीलाच वजा केली, तर जुलैच्या खर्चात जूनचा पगार पुन्हा लिहायचा नाही. जुलैच्या रकान्यात जुलैचा पगार जातो, तो प्रत्यक्षात पाच ऑगस्टला दिला तरी. उलट पद्धतही चालते : काहीच वजा करायचं नाही आणि प्रत्येक रक्कम ती खात्यातून ज्या महिन्यात जाते त्याच महिन्यात लिहायची. दोन्हींत खोट नाही. दोन्ही एकत्र वापरल्या तर एक पगार दोनदा मोजला जातो किंवा एकदाही मोजला जात नाही. आम्ही पहिली पद्धत वापरतो, कारण त्यात प्रत्येक महिन्याअखेर राहिलेली शिल्लक कोणाचंही देणं नसलेली असते.

शिल्लक झाली की बर्न. इथे नियोजनाच्या तक्त्याकडे वळण्याआधी बँकेचा उतारा घ्यायचा, मागच्या तीन महिन्यांचा. १ एप्रिलला दोन्ही खाती मिळून १०३.५ लाख होते, ३० जूनला ८६.४. फरक १७.१, महिन्याला ५.७. या तीन महिन्यांत गुंतवणुकीचे किंवा कर्जाचे पैसे आले असतील, तर ते या फरकात मिळवावे लागतात, नाहीतर बर्न शून्य किंवा उलटा दिसतो. चालू खात्यातून मुदत ठेवीत वळवलेली रक्कम खर्च नव्हे आणि मोडलेली ठेव उत्पन्न नव्हे. हे वाचायला उघड वाटतं, पण नुसत्या चालू खात्याचा उतारा पाहून बर्न काढला की हाच घोटाळा होतो. सगळी खाती एकत्र पाहायची.

आता ५.७ हा आकडा तपासायचा. जूनमध्ये एका ग्राहकाने जुलै ते पुढच्या जूनपर्यंतची वर्गणी एकरकमी भरली, १.८ लाख. पैसे खरेच आलेत आणि खर्चता येतात, पण पुढचे बारा महिने त्या ग्राहकाकडून एक रुपया येणार नाही. नेहमीच्या महिन्याचा अंदाज बांधायचा तर ही रक्कम बाजूला काढावी लागते. १७.१ मध्ये १.८ मिळवले की १८.९, महिन्याला ६.३. जीएसटी आणि इतर देणी तिमाहीच्या दोन्ही टोकांना सारखीच होती, म्हणून इथे ती वेगळी धरलेली नाहीत. तुमच्याकडे मार्चचा जीएसटी मोठा असेल आणि जूनचा लहान, तर तो फरकही दुरुस्त करावा लागेल.

५.५ आणि ६.३ या दोन आकड्यांमधली तफावत कुठून आली? संस्थापकांनी ५ लाखांची बिलं म्हणजे ५ लाखांची जमा धरली होती. ग्राहक बिल भागवताना १० टक्के टीडीएस कापतात, म्हणजे सगळ्यांनी वेळेवर दिलं तरी, जीएसटी सोडून, बँकेत ४.५ येतात. तेही येत नाहीत. उताऱ्यावरच्या जमा नोंदींची बेरीज केली तर, जीएसटी आणि आगाऊ आलेले १.८ सोडून, तीन महिन्यांत १२.६ लाख आलेत. महिन्याला ४.२. उरलेले तीस हजार दर महिन्याला येणे बाकीत साचत चालले आहेत. खर्च १०.५ आणि जमा ४.२, म्हणजे नेट बर्न ६.३. उताऱ्यावरून काढलेला आकडा आणि खर्चाच्या यादीवरून काढलेला आकडा जुळला. हे जुळेपर्यंत आम्ही पुढे जात नाही. जुळत नसेल तर सहसा कुठलीतरी खर्चाची ओळ यादीतच नसते, किंवा कार्डाचं बिल एका महिन्यात दोनदा भरलेलं असतं.

नफा-तोट्याच्या पत्रकातून बर्न काढू नये, याचं कारणही इथेच दिसतं. त्या पत्रकात बिल फाडलं की उत्पन्न होतं, पैसे आलेले असोत वा नसोत. लॅपटॉपचा खर्च घसाऱ्याच्या रूपाने काही वर्षांत वाटला जातो, पण दुकानदाराला पैसे आजच द्यावे लागतात. आणि घेतलेला जीएसटी तर त्या पत्रकात येतच नाही.

जीएसटीबद्दल थोडं थांबायला हवं, कारण कंपनी कोणत्या टप्प्यावर आहे त्यावर तो कसा मांडायचा हे ठरतं. आपल्या नमुन्यात विक्रीवरचा जीएसटी खरेदीवरच्या जीएसटीपेक्षा जास्त आहे. त्यामुळे खरेदीवर भरलेला कर त्याच महिन्यात क्रेडिट म्हणून वापरला जातो, आणि सगळे खर्च जीएसटी सोडून लिहिले तरी चालतं. ज्या कंपनीची विक्री अजून सुरूच झालेली नाही, तिचं क्रेडिट पोर्टलवर साचत राहतं. कागदावर ते आपलंच असतं, पण त्यातून पगार देता येत नाही. अशा कंपनीने क्लाउड, भाडं, सल्लागार, सगळं १८ टक्के धरूनच लिहावं. आणखी एक गोष्ट, जीएसटी बिलाच्या तारखेवर लागतो. कारखान्याने ६० दिवसांनी पैसे दिले तरी त्या बिलावरचा कर आपण पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरलेला असतो. मोठं बिल फाडल्यानंतरचे एक-दोन महिने याचसाठी रोखीला जड जातात.

आता पुढच्या महिन्यांचा खर्च. दरमहाच्या ओळी अशा : पगार ७, कंत्राटी डिझायनर आणि हिशेबनीस १, भाडं-वीज-इंटरनेट ०.६, क्लाउड आणि सॉफ्टवेअर ०.९, ग्राहकांना जाणारे एसएमएस ०.३, विक्रीसाठीचा प्रवास ०.५, किरकोळ ०.२. बेरीज १०.५. पगार नेहमी कपातीआधीचा लिहायचा. हातात पडणाऱ्या रकमेवर नियोजन केलं की महिन्याला सत्तर हजारांचं भोक राहतं, कारण कापलेला टीडीएस पुढच्या सात तारखेला जातोच.

क्लाउडची ओळ फसवी असते. बऱ्याच नव्या कंपन्यांना क्लाउडवाल्यांकडून मोफत क्रेडिट मिळालेलं असतं आणि त्याची मुदत असते. ते चालू असताना महिन्याचं बिल शून्य दिसतं, संपलं की पुढच्या महिन्यात पूर्ण बिल येतं. बिलिंगच्या पानावर क्रेडिट संपण्याची तारीख पाहायची आणि त्या महिन्यापासून क्रेडिट नसतानाचं बिल तक्त्यात लिहायचं. डॉलरमध्ये आकारणी असलेल्या सेवांवर आजच्या विनिमय दरापेक्षा पाच टक्के जास्त धरलेले बरे.

दरमहाच्या ओळींपेक्षा जास्त नुकसान वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांनी होतं, कारण मागच्या तीन महिन्यांच्या सरासरीत ते नसतातच. ते शोधायचे तर मागच्या पूर्ण बारा महिन्यांचा उतारा घेऊन पन्नास हजारांपुढची प्रत्येक नोंद वाचायची. या कंपनीत अशा नोंदी निघाल्या त्या येणेप्रमाणे. सप्टेंबरमध्ये कर्मचाऱ्यांच्या आरोग्य विम्याचं नूतनीकरण, १.६. ऑक्टोबरमध्ये लेखापरीक्षण आणि कंपनी निबंधकाकडे भरायच्या विवरणपत्रांची फी मिळून १.२, शिवाय दिवाळीचा बोनस १.५. डिसेंबरमध्ये एका मोठ्या ग्राहकाने अट घातलेली सुरक्षा चाचणी, २. जानेवारीत वार्षिक सॉफ्टवेअर परवाने, ०.८. याखेरीज नियोजनात ऑक्टोबरपासून विक्रीसाठी दोन माणसं घ्यायची आहेत, दोघांचा पगार महिन्याला १.६ आणि दोन लॅपटॉप १.४.

बारा महिन्यांची बेरीज करून तिला बाराने भागण्याचा मोह टाळावा. सरासरी वर्षाचा एकूण खर्च बरोबर सांगते, पण ऑक्टोबरमध्ये खातं किती खाली जाईल ते झाकते. एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये वर महिने आडवे मांडायचे. दुसऱ्या ओळीत आरंभीची शिल्लक, तिसरीत वसुली, चार ते बारा या ओळींत खर्चाचे प्रकार (नवी माणसं आणि वार्षिक खर्च यांना स्वतंत्र ओळ), तेरावीत अखेरची शिल्लक. पहिला महिना C रकान्यात असेल, तर C13 मध्ये पहिलं सूत्र आणि पुढच्या महिन्याच्या D2 मध्ये दुसरं :

```
=C2+C3-SUM(C4:C12)
=C13
```

दोन्ही उजवीकडे ओढली की तक्ता तयार. वसुली सगळीकडे ४.२ ठेवली आहे. ठेवीवरचं व्याज धरलेलं नाही, ती रक्कम छोटी आहे आणि हिशेबात थोडी गादी राहते.

| महिना | आरंभी | निव्वळ बाहेर | अखेर |
|---|---|---|---|
| जुलै २०२५ | ७२.४ | ६.३ | ६६.१ |
| ऑगस्ट | ६६.१ | ६.३ | ५९.८ |
| सप्टेंबर | ५९.८ | ७.९ | ५१.९ |
| ऑक्टोबर | ५१.९ | १२.० | ३९.९ |
| नोव्हेंबर | ३९.९ | ७.९ | ३२.० |
| डिसेंबर | ३२.० | ९.९ | २२.१ |
| जानेवारी २०२६ | २२.१ | ८.७ | १३.४ |
| फेब्रुवारी | १३.४ | ७.९ | ५.५ |
| मार्च | ५.५ | ७.९ | –२.४ |

पैसे मार्च २०२६ मध्ये संपतात. आठ महिने पूर्ण आणि नवव्यातले सुमारे तीन आठवडे, म्हणजे ८.७ महिने. भागाकाराने १५.७ आले होते. या सात महिन्यांच्या फरकातला मोठा वाटा तीन गोष्टींचा आहे : जे आपले नव्हते ते १४ लाख, वसुलीतली तूट, आणि ऑक्टोबरपासून वाढलेला खर्च. कोणतीही एक गोष्ट सुटली तरी उत्तर महिन्या-दोन महिन्यांनी हलतं.

हा तक्ता दाखवला की संस्थापक म्हणतात, विक्रीची माणसं घेतोय ती विक्री वाढवायलाच, मग वसुली ४.२ वरच का थांबवली? प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर तारखांत शोधावं लागतं. माणूस १ ऑक्टोबरला रुजू झाला. सॉफ्टवेअर आणि ग्राहक समजून घ्यायला दोन महिने गेले, नोव्हेंबर संपला. कारखान्यात पहिली भेट, मग प्रात्यक्षिक, मग एका शॉपवर महिनाभर चाचणी, मग खरेदी विभागाची ऑर्डर, यात फेब्रुवारी उजाडतो. फेब्रुवारीअखेर पहिलं बिल, आणि ४५ दिवसांच्या उधारीने पैसे एप्रिलच्या मध्यावर. तक्ता मार्चमध्येच शून्याखाली गेला आहे. म्हणजे या दोन माणसांनी ठरल्याप्रमाणे उत्तम काम केलं, तरी त्यांनी आणलेला पहिला रुपया खातं रिकामं झाल्यावर पोहोचतो.

मग तक्त्यात दुसरा पर्याय घालून पाहायचा. कोणीच घेतलं नाही, तर पैसे एप्रिल पूर्ण करून मेमध्ये संपतात. दोघांऐवजी एकच माणूस घेतला, पण ऑक्टोबरऐवजी १ ऑगस्टला, तर त्याचा महिन्याचा पगार ०.८ आणि एक लॅपटॉप ०.७ धरून मार्चअखेर दीड लाख शिल्लक राहते आणि खातं एप्रिलमध्ये शून्याखाली जातं. दोन माणसांच्या योजनेपेक्षा एक महिना पुढे, आणि तेही त्याने काहीच विकलं नाही असं धरून. वरच्याच तारखा दोन महिने मागे सरकवल्या तर त्याच्या पहिल्या विक्रीचे पैसे फेब्रुवारीच्या मध्यावर येतात, म्हणजे खात्यात अजून जीव असताना. आमच्या मते या कंपनीसाठी हाच पर्याय योग्य. रुजू होण्याची तारीख पगाराइतकीच महत्त्वाची ठरते, आणि ते भागाकारात कधीच दिसत नाही.

मूळ तक्त्यात आम्ही विक्रीतली वाढ धरत नाही आणि ठरलेली भरती मात्र धरतो. भरती आपल्या हातात आहे, ती होणारच. ग्राहक आपल्या हातात नाही. वाढीचा तक्ता हवा असेल तर त्याच फाइलमध्ये दुसरं पान करायचं, पण त्यातही वसुली बिलाच्या महिन्यात न लिहिता दीड-दोन महिने पुढे लिहायची.

असेच काही पैसे येण्याची आशा असते, पण ते मूळ तक्त्यात बसवायचे नाहीत. ग्राहकांनी कापलेला टीडीएस हा त्यातला मोठा. महिन्याला पन्नास हजार म्हणजे वर्षाला सहा लाख. कंपनी तोट्यात असेल तर ही रक्कम परत मिळते, पण विवरणपत्र भरल्यावर, आणि परतावा नेमका कधी जमा होईल ती तारीख आपण ठरवत नाही. मागच्या वर्षाचे चार लाख यायचे असतील तर त्यांना खाली वेगळ्या ओळीत लिहावं, बेरजेबाहेर. ते फेब्रुवारीपर्यंत आले, तर दोन माणसांच्या योजनेतही मार्च निघून जातो आणि एप्रिलमध्ये अडचण येते. लेखापरीक्षण लवकर उरकून विवरणपत्र आधी भरणं एवढं आपल्या हातात असतं. त्याहून चांगला उपाय म्हणजे कमी दराने टीडीएस कापण्याचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आधीच मिळवणं. तोट्यातल्या कंपनीला ते मिळू शकतं, आणि मिळालं की त्या महिन्यापासूनच वसुली वाढते. गुंतवणूकदाराने कबूल केलेला दुसरा हप्ताही बेरजेबाहेरच ठेवायचा, विशेषतः तो विक्रीच्या एखाद्या टप्प्याला बांधलेला असेल तर. ज्या महिन्यात विक्री कमी पडून पैशांची गरज लागते, त्याच महिन्यात तो हप्ता अडतो.

येणे बाकीचं तसं नाही, तिथे काही करता येतं. कंपनीची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर ग्राहकाने लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून ही मुदत चुकवलेला खर्च ग्राहकाला आयकरात त्या वर्षी वजावट म्हणून घेता येत नाही, पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच घेता येतो. कारखान्यांच्या हिशेब विभागाला हे चांगलं ठाऊक असतं. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला आणि फेब्रुवारीत येणे बाकीचं पत्र गेलं, तर मार्चअखेर अडकलेली बिलं सुटण्याची शक्यता वाढते.

आता शेवटचा आकडा, जो तक्त्यात आपोआप येत नाही. खातं शून्यावर येईपर्यंत कंपनी चालवता येत नाही, कारण बंद करायलाही पैसे लागतात. दोन माणसं घेतल्याच्या योजनेत एका महिन्याच्या नोटिशीचा पगार ८.६, शिल्लक रजांचे पैसे १.२, कंत्राटी लोक, जागा आणि अखेरची बिलं १.२, ग्राहकांना त्यांचा डेटा परत देईपर्यंत सर्व्हर चालू ठेवणं आणि सीएची फी १. मिळून १२ लाख. तक्त्यात अखेरची शिल्लक १२ च्या खाली जाते ती फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे माणसांची सगळी देणी चुकती करून थांबायचं, तर तो निर्णय ३१ जानेवारी २०२६ पर्यंत घ्यावा लागतो. मार्चपर्यंत वाट पाहिली तर शेवटचा पगार बुडतो.

नवी गुंतवणूक आणायची असेल तर याच तारखेपासून मागे मोजायचं, मार्चपासून नाही. पहिल्या भेटीपासून पैसे वापरता येईपर्यंत आम्ही सहा महिने धरतो. त्यातला शेवटचा टप्पा लोक विसरतात. खासगी वाटपाने शेअर देताना गुंतवणूकदाराचे पैसे वेगळ्या बँक खात्यात घ्यावे लागतात, आणि शेअरचं वाटप होऊन निबंधकाकडे पीएएस-३ हा फॉर्म दाखल होईपर्यंत कंपनीला त्यांना हात लावता येत नाही. मूल्यांकनाचा अहवाल किंवा एखादा ठराव राहिला असेल, तर पैसे खात्यात दिसत असताना पगार अडकतो. ३१ जानेवारीतून सहा महिने वजा केले की ३१ जुलै येतो. आपण हा हिशेब १ जुलैला करतो आहोत, म्हणजे गुंतवणूकदारांना भेटायला सुरुवात याच महिन्यात करावी लागते. १५.७ महिन्यांच्या हिशेबाने हेच काम पुढच्या एप्रिलवर गेलं असतं.

तक्ता दर महिन्याच्या आठ तारखेला नव्याने भरायचा. तोवर पगार आणि टीडीएस गेलेला असतो, त्यामुळे मागच्या महिन्याची देणी नेमकी कळतात. ३१ जुलैची शिल्लक घ्यायची, तीच तारण ठेव, तीच देणी त्याच क्रमाने वजा करायची आणि उत्तर ६६.१ शी ताडून पाहायचं. समजा ६४.९ निघाले. १.२ चा फरक वसुलीत आहे की खर्चात, ते ओळीओळीने शोधायचं. एखाद्या कारखान्याचे पैसे दहा दिवस उशिरा आले असतील तर ती रक्कम ऑगस्टच्या रकान्यात ढकलायची आणि ४.२ तसाच ठेवायचा. सलग दोन महिने वसुली कमी पडली, तर मात्र ४.२ च्या जागी नवा आकडा पुढच्या सगळ्या महिन्यांत लिहायचा. खर्च एकदाच वाढला असेल तर तो त्या महिन्यापुरता, आणि पुन्हा लागणारा असेल, उदाहरणार्थ ग्राहक वाढल्यामुळे एसएमएसचा, तर ती पूर्ण ओळ वाढवायची. मागच्या महिन्याचा तक्ता पुसायचा नाही, त्याचं पान तसंच ठेवून नवं पान काढायचं. तीन-चार पानं शेजारी ठेवली की शून्याची तारीख दर महिन्याला एक महिना पुढे जाते आहे, जागच्या जागी आहे की मागे येते आहे, ते दिसतं, आणि संचालकांच्या बैठकीत आम्ही आधी तीच ओळ वाचतो.